विद्यार्थ्याच्या रिसायटलसाठी कार्यक्रम-टिपण कसं लिहावं: बाखचा पार्टिटा आणि दब्युसीचा सोनाटा

बेळगावात पाश्चात्त्य व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं रिसायटल असलं की समोर तीन तऱ्हेचे लोक बसलेले असतात. पहिले चर्चच्या क्वायरमध्ये गाणारे किंवा ग्रेडच्या परीक्षा दिलेले, ज्यांना गव्हॉत या फ्रेंच नाचाचं नाव घेतलं की कळतं. दुसरे घरचे आणि नात्यातले, खानापूर-निपाणीहून मुद्दाम आलेले, पोरगी स्टेजवर कशी उभी राहते हे बघायला. आणि तिसरे, या भागात हमखास असणारे, हिंदुस्थानी संगीत वर्षानुवर्षं ऐकलेले जाणकार. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून जवळ, धारवाड-हुबळी दीड-दोन तासांवर. या मंडळींचा कान तयार असतो, फक्त समोरच्या संगीताचा नकाशा त्यांच्याकडे नसतो. श्रोत्यांच्या हाती द्यायचं छापील कार्यक्रम-टिपण लिहायचं ते मुख्यतः या तिसऱ्या श्रोत्याला डोळ्यांसमोर ठेवून. ते त्याला उपयोगी पडलं तर बाकी दोघांनाही पडतंच.

इथे मी एकच कार्यक्रम घेऊन सगळ्या पायऱ्या दाखवतो. पूर्वार्धात योहान सेबास्टियन बाखचा एकट्या व्हायोलिनसाठीचा तिसरा पार्टिटा, उत्तरार्धात क्लोद दब्युसीचा व्हायोलिन आणि पियानोसाठीचा सोनाटा. वरच्या वर्गातले विद्यार्थी ही जोडी निवडतात, आणि तिच्यात टिपण लिहिणाऱ्याला अडकवणाऱ्या जागाही भरपूर आहेत.

आधी यादी, मग टिपण

टिपणाचं पहिलं वाक्य सुचण्याआधी रचनांची यादी अचूक करून घ्या. विद्यार्थ्याकडून तोंडी माहिती घेऊ नका, त्याच्या हातातली छापील स्वरलिपी मागा आणि तीवरून उतरवा. आपल्या कार्यक्रमाची यादी अशी होईल:

> योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०)
> पार्टिटा क्र. ३, ई मेजर, एकट्या व्हायोलिनसाठी, बीडब्ल्यूव्ही १००६ (१७२०)
> प्रेल्यूडिओ – लूर – गव्हॉत आँ राँदो – मन्युए १ व २ – बुरे – जीग
>
> क्लोद दब्युसी (१८६२–१९१८)
> सोनाटा, जी मायनर, व्हायोलिन आणि पियानोसाठी (१९१७)
> आलेग्रो विवो – इंतरमेद: फाँतास्क ए लेजे – फिनाल: त्रेझानिमे

यात चुका कुठे होतात? पहिली जागा म्हणजे तो 'क्रमांक ३'. बाखचा कीबोर्डसाठीही एक तिसरा पार्टिटा आहे, ए मायनरमधला, बीडब्ल्यूव्ही ८२७. नाव शोधून पहिल्या सापडलेल्या पानावरून मजकूर उचलला तर व्हायोलिनच्या कार्यक्रमात त्या कीबोर्डच्या रचनेचं वर्णन छापलं जातं. बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांची सूची, तिचा आकडा जुळवून पाहिला की हा घोटाळा टळतो. तिथेही आकड्यापुढे 'ए' हे अक्षर असेल, म्हणजे १००६ए, तर ती याच रचनेची बाखने केलेली दुसरी, ल्यूटसाठी मानली जाणारी आवृत्ती असते. दब्युसीच्या रचनांना लझ्यूर यांच्या सूचीचा क्रमांक देतात, पण जुन्या सूचीत या सोनाट्याचा क्रमांक १४० आणि सुधारित सूचीत १४८ आहे. इथे दब्युसीचा व्हायोलिन सोनाटा एकच असल्याने क्रमांक न दिलेलाच बरा.

दुसरी जागा भागांच्या नावांची. फ्रेंच नावं देवनागरीत कशी लिहायची ते एकदा ठरवा आणि यादीत, टिपणात, निवेदनात तीच रूपं ठेवा. यादीत 'मन्युए' आणि टिपणात 'मिन्युएट' असलं की श्रोता दोन वेगळे भाग शोधत बसतो.

तिसरी गोष्ट, दब्युसीच्या सोनाट्यात पियानो वाजवणाऱ्याचं नाव व्हायोलिनवाल्याच्या नावाखाली त्याच आकाराच्या अक्षरात छापा. 'साथ' हा शब्द इथे चुकीचा ठरतो. या सोनाट्याची सुरुवातच एकट्या पियानोने होते.

घड्याळ आणि पेन्सिल घेऊन ऐकणं

आता विद्यार्थ्याची तालीम ऐका. एखाद्या मोठ्या वादकाच्या रेकॉर्डिंगवर काम भागवू नका, कारण टिपण या वादनाचं आहे. प्रत्येक भागाचा वेळ लिहून घ्या. पार्टिट्यातल्या लूर, मन्युए, बुरे आणि जीग या भागांना दोन-दोन खंड आहेत आणि प्रत्येक खंड परत वाजवायची खूण आहे. सगळ्या पुनरावृत्त्या घेतल्या तर पूर्ण पार्टिटा साधारण सतरा ते वीस मिनिटं चालतो. बऱ्याचदा विद्यार्थी काही पुनरावृत्त्या सोडतात. टिपणात 'प्रत्येक खंड दोनदा ऐकू येईल' असं छापलं आणि स्टेजवर एकदाच वाजला, तर मन लावून ऐकणारा श्रोता तिथेच गोंधळतो. म्हणून हे आधी विचारून घ्या. दब्युसीचा सोनाटा तेरा-चौदा मिनिटांचा असतो.

तालीम ऐकताना दर भागाच्या बाजूला एकच गोष्ट टिपायची: स्वरलिपी न वाचता येणाऱ्या माणसाला इथे काय ऐकू येईल? 'इथे डॉमिनंटकडे मॉड्युलेशन होतं' हे खरं असलं तरी टिपणाच्या कामाचं नाही. 'इथे व्हायोलिन एकटं असूनही दोन वाद्यं वाजल्यासारखं वाटतं' हे कामाचं.

या पद्धतीने बाखच्या पार्टिट्यात मला तीन जागा पक्क्या वाटतात. एक, प्रेल्यूडिओ. जलद, सारख्या लांबीच्या स्वरांची धार सुरुवातीपासून जवळपास शेवटपर्यंत तुटत नाही. मध्येच एक जागा येते जिथे गज तारांवरून झरझर पुढेमागे फिरतो. एक मोकळी तार सतत घुमत राहते आणि तिच्या भोवती सुरावट हलते. हे तंत्र डोळ्यांनाही दिसतं, मागच्या रांगेतूनसुद्धा. दोन, गव्हॉत. आठ मापांची एक ओळ सुरुवातीला दोनदा वाजते आणि मग मधल्या चार वेगवेगळ्या तुकड्यांनंतर, म्हणजे प्रसंगांनंतर, दर वेळी परत येते. तीन, शेवटचा जीग. तो आखूड आणि उड्या मारत जाणारा आहे. तो संपला की पार्टिटा संपला, हे लोकांना ठाऊक असलं पाहिजे.

दब्युसीत जागा निवडणं सोपं नाही, कारण तिथे संगीत सारखं रंग बदलतं. तरी तीन सांगता येतात. सुरुवातीला पियानोचे हळू दोन कॉर्ड, जी मायनर आणि मग सी मेजर, आणि त्यांच्यावर पाचव्या मापात येणारं व्हायोलिन. मधल्या भागातला खोडकरपणा, व्हायोलिनच्या अचानक उड्या आणि पियानोचे टोचरे स्वर. आणि तिसऱ्या भागात पियानोच्या थरथरत्या सुरुवातीनंतर व्हायोलिनवर पहिल्या भागाच्या आरंभीची सुरावट पुन्हा ऐकू येणं. ही तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. आधी सांगितलं नाही तर बहुतेकांच्या कानांवरून ती निसटते. सांगितलं तर सोनाट्याची तिन्ही दालनं एकमेकांना जोडलेली दिसतात.

दोन रचनांना जोडणारा धागा

बाख आणि दब्युसी एका संध्याकाळी का? टिपणात हा प्रश्न टाळता येत नाही. 'जुनं आणि नवं यांचा संगम' असलं वाक्य कुठल्याही कार्यक्रमाला चालतं, म्हणूनच ते इथे चालवू नये. धागा या दोनच रचनांतून निघाला पाहिजे.

तो असा निघतो. बाख जर्मन. १७२० साली तो क्योथेनच्या दरबारात संगीतप्रमुख होता आणि एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांच्या त्याच्या हस्तलिखितावर त्याच सालाची नोंद आहे. त्या संचातल्या या शेवटच्या रचनेत पहिला भाग सोडला तर बाकी सगळी नावं फ्रेंच नाचांची आहेत. म्हणजे एक जर्मन माणूस फ्रेंच दरबारी नाचांच्या चालींवर लिहितोय. जवळजवळ दोनशे वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, दब्युसीने वेगवेगळ्या वाद्यांसाठी सहा सोनाट्यांचा संच योजला. अठराव्या शतकातल्या फ्रेंच संगीताशी, रामो आणि कूप्रँ यांच्या परंपरेशी नातं सांगायचं म्हणून छापील प्रतींच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतःला 'फ्रेंच संगीतकार' म्हणवून घेतलं. सहापैकी तीनच पूर्ण झाले: १९१५ मध्ये चेलो आणि पियानोसाठी एक, त्याच वर्षी बासरी, व्हायोला आणि हार्पसाठी एक, आणि १९१७ मध्ये हा. त्याची ही शेवटची पूर्ण रचना.

तर धागा हा: दोघंही जुन्या फ्रेंच संगीताकडे पाहताहेत, एक शेजारच्या देशातून आणि एक दोनशे वर्षांच्या अंतरावरून. इथे एक मर्यादा पाळावी लागते. दब्युसीने हा सोनाटा बाखच्या नमुन्यावर लिहिला असं म्हणू नका, तसं नाही. मात्र १९१७ मध्येच तो आपल्या प्रकाशकासाठी, ड्युराँसाठी, बाखच्या व्हायोलिन-कीबोर्ड सोनाट्यांचं संपादन करत होता, हे सांगायला हरकत नाही. तेवढ्याने दोन नावं एका टेबलावर येतात. त्यापुढे ओढून नेलं की जाणकाराच्या भुवया उंचावतात.

तीन मोहाच्या जागा

पार्टिटा हा नाचांचा सुईटच, म्हणून पहिला मोह सुईटच्या व्याख्येचा. कुठलंही पुस्तक उघडा, बरोक सुईट म्हणजे आलमांद, कुराँत, साराबांद आणि जीग हे चार नाच, असं सापडतं. सर्वसाधारण व्याख्या म्हणून ते बरोबर आहे, पण या पार्टिट्यात पहिले तिन्ही नाच नाहीतच. चारांतला फक्त जीग आहे. व्याख्या छापली की श्रोता साराबांदची वाट बघत बसतो. व्याख्येऐवजी एवढंच लिहा की सुईट म्हणजे एकाच स्वरस्थानातल्या नाचांची माळ, आणि या माळेत कोणते नाच आहेत.

दुसरा मोह शोककथेचा. बाखची पहिली पत्नी मारिया बार्बारा १७२० च्या जुलैत वारली, हे खरं आहे. त्या दुःखाशी एकट्या व्हायोलिनचं संगीत जोडण्याची रीत पडली आहे, विशेषतः दुसऱ्या पार्टिट्यातल्या शाकोनबद्दल. त्यालाही कागदोपत्री आधार नाही. ई मेजरमधल्या या उजळ पार्टिट्यावर ती गोष्ट चढवणं तर संगीताच्या विरुद्धच जातं. बाखने पुढे याच प्रेल्यूडिओचा ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी विस्तार केला आणि १७३१ मध्ये लाइपझिगच्या नगरपरिषदेसाठी लिहिलेल्या कँटाटा या गायनरचनेच्या आरंभी तो वापरला, ट्रंपेट आणि नगाऱ्यांसकट. त्या संगीताचा स्वभाव कसा आहे हे यावरून समजतं, आणि ही माहिती खरीही आहे.

तिसरा मोह 'शेवटचं वादन' या वाक्याचा. ५ मे १९१७ रोजी पॅरिसच्या साल गाव्होमध्ये हा सोनाटा प्रथम वाजला. व्हायोलिनवर गास्ताँ पूले आणि पियानोवर स्वतः दब्युसी, तेव्हा कर्करोगाने थकलेला. 'हे त्याचं शेवटचं जाहीर वादन' असं पुष्कळ टिपणांत छापलेलं दिसतं. ते पॅरिसमधलं शेवटचं होतं. त्याच सप्टेंबरमध्ये सँ-जाँ-द-ल्यूझ या समुद्रकाठच्या गावी त्याने पूलेबरोबर हा सोनाटा पुन्हा वाजवला. 'पॅरिसमधलं' हा एक शब्द घातला की वाक्य खरं होतं आणि त्याचा परिणामही कमी होत नाही.

हिंदुस्थानी कानासाठी किती पूल बांधावा

इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण सीमाभागात लिहिलेलं टिपण पुण्या-मुंबईच्या टिपणापेक्षा वेगळं व्हायला हवं ते याच ठिकाणी.

गव्हॉतची ओळ मापाच्या सुरुवातीला सुरू होत नाही, मापाच्या मध्यावर सुरू होते आणि दोन मात्रांनी जोराच्या ठोक्यावर येते. ज्याने आयुष्यभर मुखडा उचलून समेवर येताना ऐकलंय त्याला ही गोष्ट एका वाक्यात कळते. आणि ती ओळ परत परत येते, मधल्या प्रसंगांनंतर. मुखड्याकडे परतणं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ही तुलना मी बिनधास्त वापरीन, पण लगेच एक वाक्य जोडीन की इथे तालाचं आवर्तन नाही आणि मधलं काहीही आयत्या वेळचं नाही, सगळं लिहिलेलं आहे. नाहीतर जाणकार आजोबा मधल्या प्रसंगांना उपज समजून ऐकतील आणि विद्यार्थिनीने फार जागा घेतल्या नाहीत म्हणून हळहळतील.

दब्युसीच्या सुरुवातीचं प्रकरण नाजूक आहे. जी हा षड्ज धरला तर पहिल्या कॉर्डमधून कोमल गंधार येतो आणि दुसऱ्या, सी मेजर कॉर्डमधून शुद्ध धैवत. त्या क्षणी काफीची आठवण होणं स्वाभाविक आहे. तालमीला बसलेल्या एका काकांनी ते आपणहून बोलूनही दाखवलं: "अहो, हे काफीच की!" त्यांचा कान चुकत नव्हता. तरी टिपणात 'काफीतला सोनाटा' असं लिहू नये. पुढच्या काही मापांतच सूर दुसरीकडे सरकतात, मग कुठलाच षड्ज स्थिर राहत नाही, आणि राग शोधणारा श्रोता हरवलेल्या खुणा शोधत उरलेला सोनाटा घालवतो. म्हणून लिहायचं ते असं: पहिल्या दोन कॉर्डमध्ये काफीची छटा जाणवेल, ती धरून ठेवू नका, कारण हे संगीत षड्जच हलवत जातं. तुलना करायची आणि ती कुठे संपते हेही सांगायचं. दोन्ही एकाच वाक्यात बसलं तर उत्तम.

लूर, मन्युए, बुरे यांच्यासाठी मी अशा तुलना शोधत नाही. प्रत्येक भागाला देशी जोडीदार दिला की टिपण कोष्टक होतं. लूर संथ आणि डौलदार, मन्युए दोन आणि दुसऱ्यानंतर पहिला पुन्हा, बुरे चपळ, एवढं पुरतं.

एक खरा पूल मात्र आयता मिळाला आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेवर हाच गव्हॉत आहे, आर्थर ग्रुमिओ यांनी वाजवलेला. आणि त्याच मुद्रिकेवर केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवीही आहे. केसरबाई गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, म्हणजे चोर्ला घाटापलीकडच्या. बेळगावच्या श्रोत्याला हे सांगायलाच हवं. फक्त ते टिपणाच्या पहिल्या ओळीत नको. तिथे घातलं तर लोक यानाबद्दलच कुजबुजत राहतात आणि प्रेल्यूडिओ निघून जातो. गव्हॉतच्या वाक्यापाशीच त्याची जागा.

मसुदा

लांबी किती? लोक येऊन बसतात आणि दिवे मंद होतात यामध्ये वाचायला पाच-सात मिनिटं मिळतात, तीही नमस्कार-चमत्कारात जातात. दोन्ही रचनांचं मिळून अडीचशे शब्दांच्या आसपास टिपण पुरतं. दब्युसीचा परिच्छेद मध्यंतरात वाचला जातो, तेव्हा तो स्वतंत्रपणे समजला पाहिजे. बाखच्या परिच्छेदात सांगितलेल्या गोष्टीवर तो उभा नको.

कच्चा खर्डा बहुधा असा येतो: 'बाख हे बरोक काळातील थोर संगीतकार होते. त्यांचा हा पार्टिटा व्हायोलिन वाङ्मयातील एक अजोड कलाकृती मानली जाते.' यातलं एकही वाक्य ऐकायला मदत करत नाही. 'थोर', 'अजोड', 'अजरामर' हे शब्द खोडून काढले आणि मग काय उरतं ते पाहिलं की खर्ड्याची ताकद कळते. इथे काहीच उरत नाही. त्याजागी हा मजकूर:

> बाख: पार्टिटा क्र. ३. बाखने १७२० मध्ये क्योथेनच्या दरबारात असताना एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांची सुबक प्रत स्वतःच्या हाताने तयार केली. आजचा पार्टिटा त्यांतला शेवटचा. आरंभीच्या प्रेल्यूडिओमध्ये जलद स्वरांची धार जवळपास अखेरपर्यंत थांबत नाही. मधे गज तारांवरून झरझर फिरतो तेव्हा एक मोकळी तार घुमत राहते आणि एका वाद्यातून दोन आवाज येतात. पुढे फ्रेंच नाचांची माळ आहे. लूर संथ आहे. गव्हॉतमध्ये सुरुवातीची ओळ मधल्या चार तुकड्यांनंतर दर वेळी परत येते, मुखड्यासारखी, जोराच्या ठोक्याआधी दोन मात्रा उचलून. मात्र मधलं सारं लिहिलेलं आहे, तालाचं आवर्तन नाही. हाच गव्हॉत १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेला, केसरबाई केरकरांच्या भैरवीबरोबर. मग दोन मन्युए, चपळ बुरे आणि शेवटी आखूड, उड्या मारणारा जीग.
>
> दब्युसी: सोनाटा. पहिलं महायुद्ध सुरू असताना, आजारपणात, दब्युसीने जुन्या फ्रेंच संगीताचं स्मरण ठेवून सहा सोनाटे योजले. तीनच पुरे झाले. हा तिसरा, १९१७ चा, त्याची अखेरची पूर्ण रचना. त्याच वर्षी ५ मे रोजी पॅरिसमध्ये पियानोवर तो स्वतः बसला होता. त्या शहरातलं हे त्याचं शेवटचं जाहीर वादन. सुरुवात एकट्या पियानोच्या दोन हळू कॉर्डनी होते. त्यांत काफीची छटा जाणवेल, पण ती धरून ठेवू नका, कारण हे संगीत षड्जच हलवत जातं. मधला भाग लहरी आणि खोडकर. तिसऱ्या भागाच्या आरंभी पियानो थरथरतो आणि त्यावर व्हायोलिन पहिल्या भागाची सुरावट आठवून पाहतं. तिथून वेग वाढत जातो आणि जी मायनरमध्ये सुरू झालेला सोनाटा जी मेजरमध्ये, उजेडात संपतो.

दब्युसीच्या पहिल्या भागावर 'आलेग्रो विवो', म्हणजे जलद आणि जोमदार, असं लिहिलेलं असलं तरी ऐकताना तो आवरून धरलेला वाटतो. म्हणून वेगाच्या संज्ञांचं भाषांतर मी टिपणात दिलेलं नाही.

टाळ्यांची ओळ

भागाभागांत टाळ्या पडतील याची भीती शिक्षकांना असते. पार्टिट्याचे सहा भाग आहेत आणि प्रेल्यूडिओचा शेवट इतका ठाम आहे की हात आपोआप उठतात. 'कृपया मधे टाळ्या वाजवू नयेत' ही सूचना मात्र मी छापत नाही, पाहुण्यांना ती दटावल्यासारखी वाटते. यादीखाली एवढंच लिहा: 'पार्टिट्याचे सहा भाग सलग वाजतील, शेवटचा भाग जीग.' सोनाट्यासाठी: 'तीन भाग.' लोक मोजतात. मधे टाळी पडलीच तर विद्यार्थिनीने मान किंचित झुकवावी आणि व्हायोलिन खांद्यावर ठेवूनच पुढचा भाग सुरू करावा, हे तालमीतच ठरवून घ्या.

कन्नड प्रत आणि छपाई

सभागृहात कन्नड वाचणारे असणारच, म्हणून कन्नड टिपणही हवं. मराठी मजकुराचा शब्दशः अनुवाद करून घेऊ नका. कन्नड लिहिणाऱ्याला तालमीला बसवा, ऐकायच्या सहा जागा दाखवा आणि त्याला त्याच्या भाषेत लिहू द्या. केसरबाईंचा उल्लेख तो ठेवेल किंवा ठेवणार नाही, तो त्याचा निर्णय. एका पानावर दोन भाषांचे स्तंभ शेजारीशेजारी लावले की अक्षरं बारीक होतात. ए-फोर कागद मधे दुमडून चार पानं करावीत: पहिल्यावर नाव, तारीख, वेळ, उघडल्यावर डावीकडे मराठी टिपण, उजवीकडे कन्नड, मागच्या पानावर यादी आणि कलाकारांची ओळख. यादी मागच्या पानावर ठेवल्याने दिवे मंद झाल्यावर कागद उलटा धरला तरी ती दिसते, आणि ऐकताना लोक यादीकडेच पुन्हा पुन्हा पाहतात. अक्षर बारा पॉइंटपेक्षा लहान नको.

छापखान्यात जुने, युनिकोड नसलेले फाँट अजून वापरात आहेत. तुम्ही युनिकोडमध्ये दिलेला मजकूर तिथे रूपांतरित होताना नेमकी परदेशी नावं मोडतात: 'गव्हॉत'मधला 'ॉ', 'कँटाटा'वरचा चंद्रबिंदू, 'कॉर्ड'मधला रफार. त्यामुळे फोनवर पाहून संमती देऊ नका. कागदावर प्रूफ मागवा आणि फक्त विशेषनामं बोट ठेवून वाचा. आकडे वेगळे तपासा, कारण १००६ चा १०६ झालेला कुणालाच खटकत नाही.

प्रूफ वाचायला संगीताशी संबंध नसलेला एक माणूस घ्या आणि वाचून झाल्यावर त्याला दोनच प्रश्न विचारा: पार्टिटा संपला हे तुम्हाला कसं कळेल, आणि दब्युसीच्या तिसऱ्या भागात काय ऐकायचंय? उत्तर अडलं तर ते वाक्य पुन्हा लिहा.

शेवटच्या आठवड्यात विद्यार्थी एखादा भाग गाळतात, बहुधा लूर किंवा दुसरा मन्युए. तेव्हा यादी, टिपण आणि 'सहा भाग' ही टाळ्यांची ओळ, तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. दुसरा मन्युए गाळला तर भागांची संख्या सहाच राहते; लूर गाळला तर पाच होते आणि यादीत 'पार्टिटा क्र. ३ मधून निवडक भाग' असं लिहावं लागतं. छपाई होऊन गेली असेल तर निवेदकाने व्हायोलिन ट्यून होण्याआधी तेवढंच एक वाक्य सांगावं, टिपण वाचून दाखवू नये.